पेटीमागचे शंभर रुपये कोणाच्या खिशातून जातात?

*सर, आम्ही देवगड तालुक्यातले. बाबांची ऐंशी कलमं आहेत, हिशेब मी बघते. गावात आंब्याच्या पेटीमागे शंभर रुपये शुल्क लावायचं चाललंय. त्यातून बागांकडे जाणारा रस्ता आणि पॅकिंगची शेड होणार आहे. बैठकीत वाद एकच: पैसे बागायतदाराने भरायचे की माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने? दादा म्हणतो, व्यापाऱ्याच्या नावावर टाका, म्हणजे आपल्याला तोशीस नाही. व्यापारी म्हणतो, मी भरतो, पण मग भाव बघून घ्या. आमची वीस कलमं एकाला कराराने दिली आहेत, तो म्हणतो मी का भरू? आणि बारक्या फळाच्या पेटीलाही शंभरच रुपये, हे मला पटत नाही. कोणाचं बरोबर?*

ताई, व्यापाऱ्याचं बरोबर आहे. आणि त्याने ते बैठकीत तोंडावर सांगितलं, हे तुमचं नशीब समजा. बहुतेक जण मुकाट्याने भरतात आणि भावात वळते करून घेतात.

गावाने त्याला शुल्क म्हणू दे, निधी म्हणू दे. प्रत्येक पेटीवर सक्तीने घेतलं की तो करच झाला. आणि करात दोन गोष्टी वेगळ्या असतात. पावती कोणाच्या नावावर फाटते तो कराघात, आणि शेवटी खिसा कोणाचा हलका होतो तो करभार. कराघात बैठकीत हात वर करून ठरवता येतो. करभार तसा ठरत नाही.

एक पेटी समोर ठेवून बघू. आकडे माझे, समजायला सोपे पडावेत म्हणून घेतलेले. शुल्क नसताना पाच डझनांच्या पेटीला दोन हजार भाव आहे. शुल्क आल्यावर बाजार जिथे स्थिरावतो तिथे व्यापाऱ्याला पेटी सगळं धरून २०२० रुपयांना पडते असं समजा. पावती त्याच्या नावावर असेल तर तो तुम्हाला १९२० बोली लावेल आणि शंभर गावात भरेल. पावती तुमच्या नावावर असेल तर तो २०२० देईल, त्यातले शंभर तुम्ही भराल आणि तुमच्या हातात १९२० राहतील. त्याला २०२०, तुम्हाला १९२०, गावाला १००. नाव बदललं, बाकी काहीच बदललं नाही. बोली लावणारा माणूस पेटीला किती पैसे घालायचे हे सगळा खर्च धरून ठरवतो. शुल्क, हमाली, भाडं, पेंढा, त्याच्या डोक्यात सगळं एकाच बेरजेत असतं.

हे मी कॉलेजात पस्तीस वर्षं शिकवलं, पण मला ते आधी वडिलांनी शिकवलं होतं. आमची कलमं कुणकेश्वराच्या वाटेवर. हंगामात वाशीहून पट्टी आली की वडील पडवीत चष्मा लावून बसत: इतक्या पेट्या, इतका भाव, वजा भाडं, वजा हमाली, वजा अडत. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. पुढच्या हंगामाच्या गप्पा सुरू झाल्या तेव्हा शेजारचे एक गृहस्थ पेढे घेऊन आले, आता पट्टीतली ती ओळ गेली म्हणून. वडिलांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "अडत कोणाच्या नावार लिवल्यानी ता बघू नको. हातात काय इला ता बघ." ओळ पट्टीतून जाते, पण वरच्या भावाच्या रकान्यात ती शिरली की नाही हे पट्टी सांगत नाही.

मग वर मी २०२० आणि १९२० हेच आकडे का घेतले? पन्नास-पन्नास का नाही? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

भाव एक टक्का हलला की माल किती टक्के हलतो, याला लवचिकता म्हणतात. घेणारा भाव वाढल्यावर किती पटकन पाठ फिरवतो ती मागणीची, आणि देणारा भाव पडल्यावर किती माल हात राखून ठेवू शकतो ती पुरवठ्याची. ज्याला बाजूला सरकता येतं तो कर समोरच्यावर ढकलतो. ज्याचे पाय रोवलेले आहेत त्याच्या डोक्यावर तो येऊन बसतो.

आता एप्रिलअखेरची तुमची बाग डोळ्यांसमोर आणा. फळ चौदा आणे तयार आहे. आज झेल्याने उतरवलं नाही तर चार दिवसांनी ते झाडावरच पिकून खाली पडणार. उतरवलं तर आढीत किंवा पेटीत आठ-दहा दिवसांत पिकणार. औषध, राखण, गुरख्यांचा पगार, सगळा खर्च होऊन गेलेला आहे. भाव दोन हजारांवरून १९२० वर आला म्हणून तुम्ही किती पेट्या मागे ठेवाल? फारच थोड्या. पुरवठ्याची लवचिकता इथे ०.२ धरू, म्हणजे भाव पाच टक्के पडला तर माल एखादा टक्का कमी येईल. शहरातला गिऱ्हाईक मात्र इतका बांधलेला नाही. हापूस आवडतो, पण महाग वाटला तर तो दोन पेट्यांऐवजी एक घेईल, केसर घेईल. त्याची लवचिकता ०.८ धरू.

वाटणीचा नियम सोपा आहे. दोन्ही लवचिकतांची बेरीज करायची. घेणाऱ्याच्या वाट्याला करातला तितका भाग येतो, जितका त्या बेरजेत पुरवठ्याच्या लवचिकतेचा भाग असतो. देणाऱ्याच्या वाट्याला मागणीच्या लवचिकतेचा भाग येतो. वाचताना उलटं वाटेल, पण तसंच आहे: समोरचा जितका लवचिक, तितकं ओझं तुमच्यावर. इथे बेरीज १. म्हणून शंभरातले २० घेणाऱ्याकडे आणि ८० तुमच्याकडे. पडताळाही करता येतो. घेणाऱ्याला भाव एक टक्का वाढला, तो ०.८ टक्के माल कमी घेतो. तुम्हाला भाव चार टक्के पडला, त्याच्या ०.२ पट म्हणजे तुम्हीही ०.८ टक्के माल कमी देता. दोन्हीकडून हजाराच्या ९९२ पेट्या. जुळलं. पावतीवर नाव कोणाचं, हा आकडा या हिशेबात कुठेच लागला नाही.

पण मी वर एक लबाडी केली, आणि तुमच्या बैठकीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ०.८ ही लवचिकता सगळ्या हापूसची धरली. तुमचं शुल्क सगळ्या हापूसवर कुठे आहे? ते फक्त तुमच्या गावच्या पेटीवर आहे. शेजारच्या गावचा हापूस, रत्नागिरीचा हापूस, यांना ते लागत नाही. व्यापाऱ्याने टेम्पो दहा किलोमीटर पुढे नेला की त्याचा प्रश्न सुटला. म्हणजे तुमच्या गावच्या पेटीपुरती मागणी भयंकर लवचिक आहे, २० म्हटलं तरी चालेल. मग घेणाऱ्याचा वाटा ०.२ भागिले २०.२, म्हणजे जेमतेम एक रुपया. ९९ रुपये तुमचे. पावती कोणाच्याही नावावर फाडा.

हेच शुल्क तालुकाभर लागलं तर वाटणी थोडी सुधारते, सगळ्या कोकणात लागलं तर आणखी सुधारते, कारण पळायला वाट कमी राहते. म्हणून बैठकीत "कोण भरणार" यावर घसा कोरडा करण्यापेक्षा "कुठवर लागणार" हे विचारा. गावाला ते गावापुरतंच लावता येत असेल, तर हे पैसे तुमचेच आहेत असं धरून रस्ता आणि शेड त्या पैशांची आहे का ते बघा. रस्त्याने पेटीमागे भाडं आणि फळाचं नुकसान मिळून शंभर वाचणार असतील तर द्यायला हरकत काय?

आता तुमची शंका, बारक्या फळाची. बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच, आणि तो तुमच्या एकटीलाच पडला असावा असं पत्रावरून वाटतं.

मोठ्या फळाला पेटीशिवाय जागा नाही. बारक्याला आहे: कॅनिंग. गाडी दारात येते, किलोवर माल जातो, पेटी नको, पेंढा नको, निवड नको. बारकं फळ पेटीत भरायचं की कॅनिंगला द्यायचं, हे तुम्ही सकाळी भाव ऐकून ठरवता. पेटीचा भाव जरा पडला की हात क्रेटकडे वळतो. म्हणजे पेटीतल्या बारक्या फळाचा पुरवठा चांगलाच लवचिक आहे. झाड तेच, दिवस तोच, पण दुसरी वाट आहे म्हणून लवचिकता वेगळी. जेटीवर सुरमईचं असंच असतं. टोपलीत बर्फ नसेल तर संध्याकाळच्या लिलावात मिळेल तो भाव, बर्फ असेल तर उद्या सकाळी बघू असं म्हणता येतं.

बारक्या फळाच्या पेटीचा भाव हजार धरू, रोजच्या हजारच पेट्या. पुरवठ्याची लवचिकता ३, मागणीची १. शुल्क इथे सगळीकडे लागतं असं समजू, म्हणजे गावापुरत्या शुल्काची गुंतागुंत मध्ये येणार नाही. वाटणी: घेणाऱ्याकडे ७५, तुमच्याकडे २५. दादा म्हणेल, बघा, बारक्यात आपलं बरं आहे. थांबा. माल बघा. घेणाऱ्याला भाव साडेसात टक्के वाढला, तुम्हाला अडीच टक्के पडला, आणि दोन्ही बाजूंनी पेट्या साडेसात टक्क्यांनी घटल्या. हजाराच्या ९२५ झाल्या. ७५ पेट्या बाजारात आल्याच नाहीत.

त्यातली एक पेटी घ्या. पुण्यातलं कोणी घरातल्या मुलांसाठी बारका आंबा घेतं, त्याला ही पेटी १०६० रुपयांची वाटते, त्याहून जास्त नाही. तुमच्या दृष्टीने तेच फळ कॅनिंगला देऊन, पेटी-पेंढ्याचा खर्च वाचवून जे सुटतं, ते धरलं तर पेटी ९८० च्या वर कितीलाही परवडते. दोघांमध्ये ८० रुपयांचा फायदा आहे. तो कसाही वाटला गेला असता, पण सौदा झाला असता. शुल्क आलं शंभर. ऐंशीच्या फायद्यातून शंभर निघत नाहीत. सौदा मोडला. पुण्याच्या घरी आंबा गेला नाही, तुमचं फळ पल्प झालं, आणि गावाच्या तिजोरीत? शून्य, कारण न विकलेल्या पेटीवर पावती फाटत नाही.

ते ८० रुपये कोणाच्याच खिशात गेले नाहीत. याला डेडवेट लॉस म्हणतात. आपल्या बोलीत याला वाटेत सांडलेलं म्हटलं तर चुकणार नाही. कराचे जे पैसे तुमच्याकडून गावाकडे गेले ते सांडलेले नाहीत, ते फक्त हात बदलतात. सांडतं ते न झालेल्या सौद्यातलं.

७५ पेट्यांत काहींमध्ये जवळजवळ शंभराचा फायदा बुडाला, काहींमध्ये जेमतेम एक-दोन रुपयांचा. सरासरी पन्नास. म्हणजे ३७५० रुपये सांडले, आणि गावाकडे आले ९२,५००. मोठ्या फळाकडे हाच हिशेब करा. तिथे फक्त आठ पेट्या घटल्या होत्या, सरासरी पन्नासने ४०० रुपये सांडले, आणि गावाकडे आले ९९,२००. तेच शंभर रुपये, पण एकीकडे नऊपटीहून अधिक नुकसान. बारक्यात तुमच्यावरचं ओझं हलकं दिसलं ते तुम्हाला पळायला वाट होती म्हणून, आणि त्या वाटेने पळण्यातच सांडलं.

ओझं कोणावर हा एक प्रश्न आणि किती सांडलं हा दुसरा. दोन्ही लवचिकतेवर ठरतात, पण एकाच पद्धतीने नाही. वाटणीसाठी दोघांपैकी कोण जास्त लवचिक हे बघायचं. सांडण्यासाठी दोघेही लवचिक आहेत का हे बघायचं. एक जरी पार ताठर असला तर माल फारसा घटत नाही आणि फारसं सांडतही नाही.

म्हणून कमी सांडणारा कर तो चांगला असं मात्र लगेच म्हणू नका. मिठाचं आठवा. मीठ कमी खाता येत नाही, त्यामुळे मिठावरच्या करात सांडणं थोडंच, सरकारला वसुली मात्र छान. आणि ओझं जवळजवळ सगळं खाणाऱ्यावर, त्यातही ज्याच्या पानात भात आणि मिठाखेरीज फार काही नाही त्याच्यावर. १९३० साली आपल्याच शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेव्हा त्यांचं भांडण बाजार किती घटला यावर नव्हतं.

बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल, एवढं करतोच आहोत तर दोनशे करू. बारक्या पेटीवर दोनशे केले तर १५० पेट्या घटतील आणि सरासरी शंभर रुपये प्रत्येकीत बुडतील. सांडणार १५,००० रुपये. आधी ३७५० होते. शुल्क दुप्पट, सांडणं चौपट. गावाचं उत्पन्न मात्र दुप्पटही होत नाही, १,७०,००० होतं. हा चौपटीचा नियम फ्रान्सच्या ज्यूल ड्युपुई नावाच्या इंजिनियरने १८४४ साली मांडला. तो रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात होता, आणि पुलावर टोल किती ठेवावा याचा हिशेब करत होता. जास्त टोल लावला की काही लोक पुलावरून येतच नाहीत, आणि पूल तर बांधून तयारच असतो.

उलट बाजूने हाच नियम तुमच्या कामाचा आहे. शंभराऐवजी भावाच्या पाच टक्के घेतले तर मोठ्या फळाला शंभरच पडतात आणि बारक्याला पन्नास. बारक्यातलं सांडणं ३७५० वरून ९४० च्या आसपास येतं. तुम्हाला सरसकट शंभर पटत नव्हते, त्यामागचं कारण हे. अडचण एकच, टक्केवारी आली की भाव कमी दाखवायची स्पर्धा लागते, आणि आपल्याकडे ती कला उपजत आहे. म्हणून सरळ दोन दर ठेवा: मोठ्या फळाला एक, बारक्याला अर्धा किंवा काहीच नाही. पेटीत किती डझन फळं बसलीत ते मोजून बघता येतं, भाव मोजता येत नाही.

आणखी एक पर्याय आहे, कोणाला आवडणार नाही पण मांडून ठेवतो: पेटीऐवजी धरत्या कलमामागे शुल्क. कलम कुठे पळत नाही. त्यावर शुल्क बसलं तर फळ पेटीत भरायचं की कॅनिंगला द्यायचं हा निर्णय जराही हलत नाही, कारण दोन्हीकडे शुल्क तेच. सांडणं जवळपास शून्य. ओझं पूर्ण कलमाच्या मालकावर, पण गावापुरत्या शुल्कात मोठ्या फळाचं ते तसंही ९९ रुपये मालकावरच आहे, फक्त दिसत नाही. दोष आहेत. हापूस एक वर्षाआड धरतो, मोहोर करपला तर फळ नाही आणि शुल्क मात्र उभं. त्यासाठी नापिकीची सूट आधीच लिहून घ्यावी लागेल. आणि शुल्क फार जड झालं तर पुढे कोणी नवी कलमं लावायला धजणार नाही. कलम धरायला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणून हा परिणाम आज दिसत नाही. एका हंगामात ताठर असलेला पुरवठा दहा वर्षांत चांगलाच लवचिक होतो.

या सगळ्या हिशेबात मी असं धरलं की घेणारे बरेच आहेत आणि भाव रोज हलतो. तुमच्या गावात माल उचलणारा एकच व्यापारी असेल तर वाटणीचा हा नियम जसाच्या तसा चालणार नाही, कारण तो भाव बाजारातून घेत नाही, स्वतः ठरवतो. आणि जिथे भाव आधीच ठरलाय तिथे पावतीवरचं नाव खरंच महत्त्वाचं असतं. तुम्ही मुंबईच्या गिऱ्हाइकांना मार्चमध्ये फोनवर भाव कळवला असेल आणि शुल्क एप्रिलमध्ये आलं, तर त्या हंगामापुरतं ज्याच्या नावावर तो भरतो. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही नवा भाव सांगाल तेव्हा ते हिशेबात येईल.

शुल्क लागलंच तर ते कोणावर बसलं हे ओळखायचं कसं? यंदाचा भाव आणि गेल्या वर्षीचा भाव यांची वजाबाकी करू नका. मोहोर, पाऊस, थंडी, यांनी भाव शंभर रुपयांच्या कितीतरी पट हलतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी २०१७ च्या पट्टीवर नेमकी तीच वजाबाकी केली आणि वडिलांशी पंधरा दिवस वाद घातला. त्याऐवजी एकाच दिवशीच्या, एकाच प्रतीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा: एक तुमच्या गावची, एक शुल्क नसलेल्या शेजारच्या गावची. शुल्काआधीही या दोन गावांच्या भावात थोडा फरक असणारच, तो किती होता ते गेल्या दोन हंगामांच्या पट्ट्यांत सापडेल. तो फरक वाढला तर किती वाढला ते बघा. व्यापारी भरत असताना तुमचा भाव शेजाऱ्यापेक्षा आणखी ९०-९५ रुपयांनी खाली गेला, तर भार तुमच्यावर. असं दहा-पंधरा दिवसांचं काढा, एका दिवसाचं नको. बारक्या फळाच्या बाबतीत भावाबरोबर कॅनिंगला गेलेले किलोही लिहून ठेवा. सांडलेलं तिथेच दिसतं, पट्टीत नाही.

राहिला तुमच्या वीस कलमांचा करार. करारवाला "मी का भरू" म्हणतो, आणि त्याचं म्हणणं पुरतं चुकीचं नाही. वीस कलमांना शंभरेक पेट्या निघतील असं धरून त्याने रक्कम ठरवली असेल, आणि गावापुरतं शुल्क लागलं तर पेटीमागे ९९ प्रमाणे त्याचे जवळपास दहा हजार जातील. करार चालू आहे तोवर ते त्याच्या अंगावर, कारण रक्कम आधीच ठरलेली आहे. करार संपला की तो दहा हजार कमी सांगेल, आणि त्याच्याऐवजी दुसरा कोणी आला तर तोही तेवढेच कमी सांगेल, कारण करार करणाऱ्याला दुसऱ्या गावची कलमं घेता येतात आणि तुमची कलमं दुसऱ्या गावाला नेता येत नाहीत. तेव्हा बैठकीला जाण्यापूर्वी एवढं करा: कपाटातून तो करार काढा, शेवटचं वर्ष कोणतं लिहिलंय ते बघा, आणि त्यात नवीन कर किंवा शुल्काबद्दल काही कलम आहे का ते दादाला वाचायला लावा.